दुपारचा Storm Alert आणि पहाटे वाचायचा प्रेशर ग्राफ

दादा, नवीन आउटडोअर वॉच घेतलंय, त्यात बॅरोमीटर आहे. सेफ राहावं म्हणून Storm Alert सगळ्यात कमी, २ hPa वर ठेवला. आता रोज दुपारी आल्तिनोच्या ऑफिसात बसलेलो असताना अलार्म वाजतो आणि बाहेर कडक ऊन. ग्राफपण खाली उतरलेला दिसतो. येत्या शनिवारी आम्ही सहाजण सत्तरीतल्या वाघेरी डोंगरावर जाणार, उतरताना ओढ्यातून, व्हाळाच्या वाटेने यायचं म्हणतोय. निघायच्या आधी ग्राफ बघून नक्की काय ठरवायचं? की अलार्म बंदच करून टाकू?

अलार्म बंद नको करू, पण २ वरून काढून ४ वर ठेव. तुझं घड्याळ बिघडलेलं नाही, ते जे दाखवतंय ते खरंच घडतंय, दुपारी हवेचा दाब खरोखर उतरतो, फक्त त्याचा वादळाशी काही संबंध नाही.

गोष्ट अशी आहे की आपल्या भागात हवेलाही भरती-ओहोटी असते. समुद्राची चंद्रामुळे होते, ही सूर्यामुळे. सूर्याच्या उष्णतेने वरचं वातावरण तापतं आणि त्याची दोन उंचवट्यांची एक लाट सूर्याबरोबर रोज पृथ्वीभर फिरते, म्हणून दाब सकाळी दहाच्या आसपास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या आसपास सगळ्यात कमी, परत रात्री दहाला वर, परत पहाटे चारला खाली. विषुववृत्ताजवळ ही लाट मोठी असते आणि उत्तरेकडे जाल तशी लहान होत जाते. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार या सहा तासांत आपल्याकडे साधारण ३ hPa उतरतो, कधी थोडा जास्तच. hPa म्हणजे हेक्टापास्कल, जुने लोक मिलिबार म्हणतात तेच, मी पुढे सरळ पॉइंट म्हणतो.

आता हे गणित अलार्मला लाव. अलार्म बघतो तीन तासांतली घट. आपल्या रोजच्या उतरणीत सगळ्यात जोराचे जे तीन तास असतात, साधारण साडेअकरा ते अडीच, त्यातच दोनच्या आसपास पॉइंट जातात. म्हणजे तू २ वर ठेवलास तर तो रोज वाजणार, त्याला पर्यायच नाही. सुंतो कोअर घड्याळात स्टॉर्म अलार्म तीन तासांत ४ hPa घट झाली की वाजतो आणि हा आकडा बराचसा योग्य आहे. पण त्याच घड्याळातला बाणासारखा ट्रेंड दाखवणारा आयकॉन तीन तासांत २ च्या वर घट झाली की खाली वळतो, त्यामुळे गोव्यात तो दुपारी खाली वळलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही. फिनलंडमधली कंपनी आहे, तिथे ६० अंशावर ही रोजची लाट जवळपास नसतेच, तिथे दाब उतरला म्हणजे खरंच काहीतरी येतंय असं समजायला हरकत नाही. आपल्याकडे तसं समजलं की माणूस आठवड्याभरात अलार्मकडे बघायचं सोडून देतो आणि मग खरं काही आलं तरी बघत नाही, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

दुसरी गोष्ट तुझ्या बाबतीत असू शकते ती आल्तिनोची. उंची वाढली की दाब कमी होतो, आपल्याकडच्या उंचीला साधारण साडेआठ-नऊ मीटरला एक पॉइंट. पणजीत खाली गाडी लावून तू टेकडीवर चढलास, पन्नासेक मीटरचा चढ धर, की पाच-सहा पॉइंट गेलेच. घड्याळाला डोळे नाहीत, त्याला फक्त दाब कळतो, तो तू चढल्यामुळे कमी झाला की हवामानामुळे हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं. गार्मिनमध्ये हे सेटिंग सेन्सरच्या मेनूत बॅरोमीटरखाली Watch Mode नावाने असतं, त्यात Auto, Altimeter आणि Barometer असे तीन पर्याय. Barometer वर अडकवून ठेवलं तर प्रत्येक चढ त्याला वादळ वाटतो. आमच्यातल्या एकाचं घड्याळ चोर्ला घाट चढताना गाडीत वाजलं होतं आणि मागच्या सीटवरचे सगळे खिडकीतून आभाळ बघायला लागले, आभाळ स्वच्छ. त्याने आदल्या रात्री Barometer वर ठेवलं होतं आणि सकाळी बदलायला विसरला, एवढंच झालं होतं. घाटात सातशे मीटर चढलास तर पाऊणशेच्या वर पॉइंट जातात, त्यापुढे हवामानाचे दोन-तीन कुठे शोधणार.

म्हणून ग्राफ वाचायचा तो घरी, घड्याळ एका जागी असताना. माझी पद्धत सांगतो. ट्रेकच्या निदान दोन दिवस आधी घड्याळ मोड बदलून Barometer वर ठेवायचं आणि शक्य तेवढा वेळ ते एकाच शेल्फवर राहू द्यायचं, निदान रात्री दहा ते सकाळपर्यंत तरी. ऑफिसला हातात घालून गेलास तरी चालेल पण मग दिवसाचे आकडे वाचू नकोस, घरी आल्यावरचे आणि घरून निघायच्या आधीचेच वाच. तुझं घर कुठल्या मजल्यावर आहे याने फरक पडत नाही, फक्त प्रत्येक वेळी तोच मजला, तेच शेल्फ. घड्याळ समुद्रसपाटीला दुरुस्त केलेला दाब दाखवतंय की जागेवरचा, याचीही तुला काळजी नको, कारण आपल्याला आकडा किती आहे हे बघायचं नाही, तो बदलला किती हे बघायचंय.

आणि आता मुख्य मुद्दा. तीन तासांपूर्वीशी तुलना करायची नाही, काल याच वेळेशी करायची. आज रात्री दहाचा आकडा काल रात्री दहाच्या शेजारी ठेवायचा, आज पहाटेचा काल पहाटेच्या. असं केलं की रोजची भरती-ओहोटी दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे वजाबाकीत निघून जाते आणि जे उरतं ते खरं हवामान. हवामान खात्याचे लोकही चोवीस तासांतला दाबाचा फरक बघतात तो याचसाठी, आपल्या पट्ट्यात तीन तासांच्या आकड्यावर एकट्यावर विसंबून चालत नाही.

ग्राफवर हे डोळ्यांना कसं दिसतं ते सांगतो. नेहमीच्या दिवशी तुला दोन उंचवटे आणि दोन खळगे दिसतील, उंटाच्या पाठीसारखे, रात्रीचे जरा लहान, दिवसाचे मोठे. हे उंचवटे आज आणि काल एका रेषेत आहेत का एवढंच बघ. मनातल्या मनात उंचवट्यांच्या डोक्यावरून एक दोरी ताणायची. दोरी आडवी असेल तर हवामान स्थिर. दोरी उजवीकडे उतरत असेल तर खालून काहीतरी दाब ओढतंय, मग भले अलार्म वाजो की न वाजो. काही घड्याळं दर दोन तासांनी एक ठिपका टाकतात, काही दर तासाला, ठिपका बरेचदा एका पॉइंटला गोल केलेला असतो, त्यामुळे एखादा ठिपका इकडेतिकडे झाला तर त्यावर काही ठरवू नये, निदान दोन उंचवटे सांगतायत का बघावं.

एक खरा प्रसंग आकड्यांसकट देतो, असाच ऑक्टोबर होता, काही वर्षं झाली. शनिवारी आठजणांना घेऊन सत्तरीत जायचं ठरलं होतं, वर चढून उतरताना व्हाळ धरून यायचं, तुमच्यासारखंच. गुरुवारपासून घड्याळ फोंड्याच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. वहीत मी लिहिलेलं असं: गुरुवार सकाळी दहा १०१२, दुपारी चार १००९, रात्री दहा १०११. शुक्रवार पहाटे चार १००९, सकाळी दहा १०११, दुपारी चार १००७, रात्री दहा १००९. शुक्रवारी दिवसभर ऊन होतं, संध्याकाळी थोडे ढग, शेजारी भात वाळत घातलेलं. घड्याळाचा अलार्म वाजला नाही, कारण कुठल्याही तीन तासांत चार पॉइंट गेलेच नव्हते. नुसतं अलार्मवर सोडलं असतं तर सगळं ठीक आहे असंच वाटलं असतं.

आता कालशी तुलना कर. सकाळी दहाला एक पॉइंट कमी, दुपारी चारला दोन कमी, रात्री दहाला दोन कमी. पहाटे पाववाल्या पोदेराचा पोंपों ऐकून उठलो तेव्हा पहिला ग्राफ उघडला, चारचा ठिपका १००६ वर होता, आदल्या पहाटे १००९. म्हणजे तीन कमी. एक, दोन, दोन, तीन, फरक वाढतच चाललेला. नुसता दाब कमी असण्यापेक्षा हे वाढत जाणं जास्त बोलतं. मग हवामान खात्याचं बुलेटिन उघडलं तर किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय आणि दुपारनंतर पाऊस असं लिहिलेलं. ग्राफ आणि बुलेटिन एकच बोलत होते. ट्रेक रद्द केला नाही आम्ही, पण व्हाळाची वाट काढून टाकली, तासभर लवकर निघालो, वर जेवण न करता बाराला माथा सोडला आणि चढलो त्याच धारेवरून उतरलो. दोनच्या पुढे पाऊस लागला तो संध्याकाळपर्यंत. तीनच्या सुमारास खाली गावाजवळ पोचलो तेव्हा सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला व्हाळ मांडीपर्यंत लाल होऊन वाहत होता, पलीकडे जायला गावातल्या एका काकांनी वरच्या साकवाची वाट दाखवली. उतरायला व्हाळच धरला असता तर आम्ही त्या वेळी कुठे असतो हा विचार मला अजून येतो.

माझे आकडे तुला देतो, हे अनुभवाने बसवलेले आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत. कालच्या त्याच वेळेपेक्षा एक पॉइंट इकडेतिकडे असेल तर मी काही बदलत नाही. सलग दोन उंचवट्यांना दोन पॉइंट कमी असेल तर व्हाळाची वाट बंद आणि परतायची वेळ आधी. तीन किंवा जास्त आणि फरक वाढत चाललेला असेल तर बुलेटिनमध्ये काहीही असो, त्या शनिवारी गेलो तसा आता मी लांबचा ट्रेक करत नाही, फारतर तांबडी सुर्लाच्या देवळापर्यंत जाऊन परत. त्याच्याही वर, पाच-सहा, म्हणजे समुद्रात मोठं काही आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तसल्या वेळी घड्याळाची वाट बघावीच लागत नाही, इशारे काही दिवस आधीपासून चालू असतात.

आता जे घड्याळाला दिसत नाही ते सांगायला हवं, कारण ऑक्टोबरमध्ये वाघेरीवर माणसाला खरा धोका त्याचाच असतो. परतीच्या पावसातला गडगडाटी ढग. सकाळी निरभ्र, अकरानंतर घाटाच्या डोक्यावर फुलकोबीसारखे पांढरे ढग वर वाढायला लागतात, दोन-तीनला खालून काळे, आणि मग अर्ध्या तासात वीज, वारा, पाऊस. हा ढग दहा-पंधरा किलोमीटरचा असतो, तिथल्या तिथे तयार होतो, त्याच्या आधी दाब तीन तासांत चार पॉइंट वगैरे उतरत नाही, ग्राफ शेवटपर्यंत नेहमीसारखाच दिसतो. उलट ढगातून थंड हवा खाली कोसळते तेव्हा दाब एकदम वर उडी मारतो, पाच-दहा मिनिटांत एक-दोन पॉइंट, आणि अंगाला गार वारा लागतो. दुपारी एक ते चार ही उतरणीची वेळ, त्या वेळात ग्राफ अचानक वर गेला आणि गार झोत आला तर ते हवा सुधारल्याचं लक्षण नाही, ढग डोक्यावर आल्याचं आहे. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून त्यासाठी ग्राफ नाही, डोळे आणि फोन. आयआयटीएम पुण्याचं दामिनी अॅप सगळ्यांच्या फोनमध्ये घाल, आजूबाजूला वीज पडतेय का ते दाखवतं, आणि रेंज असेल तोवर पणजीच्या डॉप्लर रडारचं चित्र बघ. रेंज नसेल तर वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोज, तीसच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, उघडा माथा तिथल्या तिथे सोडायचा.

तसंच वरच्या बाजूला, कर्नाटकाकडे, पाऊस पडला आणि तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी व्हाळाला पाणी येतं, ते कुठल्याच घड्याळात दिसत नाही. पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून यायला लागणं, आवाज बदलणं, यातलं एक जरी झालं तर बाजूचा चढ धरायचा. आणि जून-जुलैमध्ये या ग्राफवर जास्त जीव लावू नकोस, तेव्हा दाब आठवडेच्या आठवडे खालीच असतो, उंचवट्यांवरची दोरी आडवी आणि बाहेर धो धो.

चालायला लागलास की घड्याळ Altimeter वर किंवा ट्रेक अॅक्टिव्हिटीत टाक, Barometer वर ठेवू नकोस. पायथ्याला नकाशावरची उंची घालून कॅलिब्रेट कर, वेळ लिहून ठेव. त्यानंतर चढताना ग्राफचा उपयोग नाही, पण बसलात की आहे, आणि तो उलट बाजूने वाचायचा. माथ्यावर जागचे न हलता जेवायला बसलात आणि घड्याळाची उंची आपोआप वाढतेय, तर तू चढत नाहीयेस, दाब उतरतोय. बारा ते एक या तासात सात-आठ मीटर वाढली तर ती रोजचीच ओहोटी, सोडून दे. वीस-पंचवीस वाढली तर ती रोजची नाही, डबे बंद करा आणि निघा. अॅक्टिव्हिटीत काही घड्याळं जीपीएसने उंची मधूनमधून स्वतःच दुरुस्त करतात, तसं असेल तर हे दिसणार नाही, म्हणून ते ऑटो कॅलिब्रेशन ट्रेकपुरतं बंद ठेव.

सेन्सरचं भोक पण बघून घे, घड्याळाच्या बाजूला किंवा मागे बारीक छिद्रं असतात. घाम, सनस्क्रीन आणि सत्तरीची लाल माती मिळून त्यात छान पुटं बसतात, मग ग्राफ एकतर सपाट होतो, रोजचे उंचवटेच दिसत नाहीत, किंवा मध्येच जिना चढल्यासारखी पायरी येते. धबधब्यात भिजल्यावर पाण्याचा थेंब अडकला तरी हेच होतं. रोजचे दोन उंचवटे दिसतायत ना, हीच सेन्सर चालू असल्याची खूण समज. कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेव, मग कोरडं होऊ दे, सुई किंवा टाचणी कधी घालू नकोस, आतला पडदा फाटला की संपलं.

तुला आज बुधवार, म्हणजे वेळ आहे. आजच रात्री घड्याळ धुऊन शेल्फवर ठेव, अलार्म ४ वर, मोड Barometer. रात्री दहा आणि पहाटे, ऑफिसला निघायच्या आधी, हे दोनच आकडे गुरुवारी आणि शुक्रवारी लिही. शनिवारी पहाटे उठल्या उठल्या चारचा ठिपका शुक्रवारच्या चारच्या ठिपक्याशी लावून बघ आणि पाचही आकडे मला पाठव, मी पाचला उठलेलो असेन. व्हाळातून उतरायचं की धारेवरून परत यायचं ते त्यावर ठरवू, पण वाघेरीचा माथा कसाही असला तरी एकच्या आत सोडा.